चुकीची तारीख आणि यादीतून काढलेला एक नंबर

प्रश्न: माझ्या लघुकथेत कपड्यांच्या दुकानात काम करणारी रेखा सणाच्या ऑफरचा मेसेज चुकीची तारीख टाकून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवते. चूक लक्षात येईपर्यंत कथा नीट चालते, पण पुढे काय करावं ते सुचत नाही. एका खर्ड्यात मालक तिला कामावरून काढतो, दुसऱ्यात माफ करतो. दोन्ही शेवट खोटे वाटतात. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचे दोन्ही शेवट मालकाच्या हातात आहेत, तिथे गाडी अडली आहे. चूक रेखाची, कथा रेखाची, आणि शेवटच्या पानावर निर्णय मात्र तिसराच माणूस घेतो. तो काढो की ठेवो, रेखा तोवर नुसती उभी असते. मला वाटतं, मेसेज गेल्यानंतर आणि मालकाला कळायच्या आधी जो वेळ तिच्याजवळ असतो, त्यात तिने काय केलं ही तुमची कथा आहे. तो वेळ तुमच्या खर्ड्यात एका परिच्छेदात संपलाय.

मी गेली बरीच वर्षं नवोदितांच्या कथा वाचतो, दुरुस्त करतो. त्याआधी सहा वर्षं दुकानात काउंटरवर होतो आणि ऑफरचे मेसेज पाठवायचं काम माझ्याकडेच असायचं. त्यामुळे थोडं कथेबद्दल आणि थोडं त्या कामाबद्दल सांगतो. तुमच्या कथेत ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी चूक कोणती ते पक्कं करा. तुम्ही महिनाच चुकवलाय. एवढी ढोबळ चूक वाचकाला पटत नाही, कारण पहिल्याच मिनिटाला कोणीतरी फोन करून सांगेल आणि प्रकरण तिथेच मिटेल. कथेला लागते ती अशी चूक, जी नजरेखालून सहज निसटते आणि तरीही दुकानात गोंधळ घालते. अशी एक चूक मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे, ती तुम्हाला देतो.

सणाचा मेसेज नव्याने कोणी लिहीत नाही. गेल्या वर्षीचा काढायचा, टक्के बदलायचे, तारीख बदलायची आणि पाठवायचा, अशीच रीत असते. आता समजा गेल्या वर्षी एक दिवसाची ऑफर शनिवारी, ११ तारखेला होती. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढल्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. गेल्या वर्षी शनिवारी आलेली ११ तारीख यंदा रविवारी येते. यंदाचीही ऑफर शनिवारीच आहे, पण त्या शनिवारी तारीख आहे १०. रेखा जुना मेसेज उघडते. टक्के पंधराचे वीस करते. ‘शनिवार’ दिसतो, तो बरोबर असतो, म्हणून तिची नजर पुढे जाते. ‘११’ तसाच राहतो.

मेसेज असा जातो:

‘सणाची खास ऑफर! फक्त एक दिवस, शनिवार, ता. ११. मुलांच्या सर्व कपड्यांवर २० टक्के सूट. हा मेसेज काउंटरवर दाखवा.’

या चुकीचा फायदा बघा. वार बरोबर आहे आणि तारीख चुकली आहे, त्यामुळे निम्मी माणसं वार वाचून शनिवारी येतील, काही जण तारीख लक्षात ठेवून रविवारी येतील, आणि दोघंही मेसेजप्रमाणे वागलेले असतील. काउंटरवर कोणालाच ‘तुम्ही नीट वाचलं नाहीत’ असं म्हणता येणार नाही. शिवाय रेखाला चूक कशी झाली याची सबब शोधावी लागत नाही. तुमच्या खर्ड्यात तिची आई आजारी आहे, रात्रभर झोप नाही, म्हणून हात चुकला. ते काढून टाका. आजारी आई आली की वाचक लगेच तिच्या बाजूने होतो आणि मग तिला पुढे काही करावंच लागत नाही. चूक कामाच्या रीतीतूनच होऊ द्या. दुकानात काम केलेला प्रत्येक जण ती वाचून आपल्या हाताकडे बघेल.

एक सावधगिरी. कथेत वर्ष लिहिलंत तर कॅलेंडर काढून वार आणि तारीख जुळवून घ्या. तारखेच्या चुकीवरच्या कथेत लेखकाचीच तारीख चुकली तर वाचक पुढचं काही मानत नाही. मी तर वर्ष लिहूच नका म्हणेन.

आता चूक कळते कधी? तुम्ही ती ऑफरच्या दिवशी सकाळीच उघड केली आहे, दारात गर्दी आणि आरडाओरडा. त्यात रेखाला काही करायला जागाच उरत नाही. माझं ऐकाल तर मेसेज बुधवारी सकाळी जाऊ द्या आणि चूक गुरुवारी संध्याकाळी कळू द्या, फक्त तिला एकटीला. दुकानाच्या फोनवर एका बाईंचा फोन येतो.

‘ताई, ते शनिवारी आहे की अकराला?’

‘शनिवारी, अकराला.’

‘अहो, शनिवारी दहा आहे ना.’

रेखा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. बघायला तिला दोन पावलं मागे सरकावं लागतं, कारण कॅलेंडरवर हँगरचा गठ्ठा टांगलेला आहे. ‘शनिवारी या, मावशी,’ म्हणून ती फोन ठेवते. दुकानात इतर कोणाला काही कळलेलं नाही. शनिवार उजाडायला एक अख्खा दिवस आहे. इथून पुढे कथेचा वेग कमी करा. तुमच्या सगळ्या शब्दांतले निम्मे या गुरुवारच्या रात्रीवर खर्च झाले तरी चालतील.

या रात्री काय काय घडू शकतं हे कळण्यासाठी मी काउंटरवर होतो तेव्हाच्या मेसेजच्या यंत्रणेतल्या दोनतीन गोष्टी माहीत असाव्यात. वाचकाला त्या समजावत बसू नका, रेखाच्या हालचालींतून त्या आपोआप दिसतील.

पहिली गोष्ट, एसएमएस परत घेता येत नाही. बाण सुटला की सुटला. चॅटच्या ॲपवर मेसेज खोडायची किंवा बदलायची सोय असते, तीही बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळापुरती, आणि खोडेपर्यंत ज्यांनी वाचला त्यांनी वाचलाच. तुमच्या कथेत एसएमएसच ठेवा. खोडायची सोय असली की वाचक सतत ‘मग खोडत का नाही’ म्हणत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांचा हिशोब. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, मोकळी जागा, पूर्णविराम, प्रत्येकाचं एकेक चिन्ह मोजलं जातं. ७० ओलांडली की मेसेज तुकड्यांत जातो, तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हं मावतात, आणि खात्यातून तुकडे वजा होतात. वरचा ऑफरचा मेसेज १०८ चिन्हांचा आहे, म्हणजे दोन तुकडे. यादीत १,८४० नंबर असतील तर तो पाठवताना खात्यातून ३,६८० मेसेज गेले. दुकानं असं खातं आगाऊ भरून ठेवतात. समजा आता त्यात २,१०० उरले आहेत.

आणि तिसरी गोष्ट, बहुतेक दुकानांत मालकाचा स्वतःचा नंबरही त्या यादीत असतो. गिऱ्हाइकाला जे जातं ते आपल्यालाही दिसावं, एवढ्याचसाठी. म्हणजे बुधवारी तो चुकीचा मेसेज मालकालाही मिळाला होता. त्याने तो वाचला असेल किंवा वाचला नसेल. त्याच्याही लक्षात आलं नाही, एवढं खरं.

आता या तीन गोष्टी रेखाच्या हातात द्या आणि तिला दुकान बंद झाल्यावर कॉम्प्युटरसमोर बसवा. दुरुस्तीचा मेसेज पाठवायचा आहे. ती टाइप करते:

‘ऑफर शनिवार, ता. १० ला आहे. आधीच्या मेसेजमध्ये चुकून ११ लिहिलं. माफ करा.’

कोपऱ्यात आकडा दिसतो: ७१. दोन तुकडे. १,८४० जणांना दोन तुकडे म्हणजे ३,६८०, आणि खात्यात आहेत २,१००. खातं भरायचं तर मालकाला सांगावं लागेल आणि मालक विचारेल, कशाला? रेखा स्क्रीनकडे बघत राहते. मग शेवटचा पूर्णविराम खोडते. ७०. एक तुकडा. १,८४०. खात्यात भागतं.

हे चिन्ह मी ओढूनताणून जमवलेलं नाही, तुम्ही मोजून बघा. मला या जागेचं मोल वाटतं, कारण तो पूर्णविराम खोडताना ती काय करते आहे हे वाचकाला न सांगता कळतं. आतापर्यंत तिच्या हातून चूक झाली होती. इथून ती काहीतरी ठरवून करायला लागते.

पुढचं पाऊल त्याहून बारीक आहे. पाठवायच्या आधी तिला आठवतं की यादीत पहिला नंबर मालकाचा आहे. दुरुस्ती गेली की त्यालाही मिळणार. ती त्याच्या नावापुढची खूण काढते. आता यादीत १,८३९. आणि बटण दाबते.

तुमच्या खर्ड्यात नसलेली घटना ती ही. तारखेची चूक ही अपघाताने झालेली गोष्ट आहे, त्यावर राग आला तरी तो टिकत नाही. गिऱ्हाइकांना खरं सांगून मालकाला मात्र वगळणं, हे तिने आपण होऊन केलं. आणि तरी ती वाईट माणूस ठरत नाही, कारण गिऱ्हाइकांची गैरसोय होऊ नये म्हणून तिने रात्री बसून माफी मागितलीच आहे. एकाच बटणात दोन्ही आलं. कथेला याहून जास्त गाठ लागत नाही.

मेसेज लिहिताना ती शब्दांशी कशी झगडते, तेही दाखवा. मराठीत चूक ‘होते’, तारीख ‘चुकते’, नजर ‘चुकते’, लिहिलं ‘जातं’. करणारा माणूस वाक्यातून कधी निघून गेला ते कळतही नाही. रेखा आधी ‘तारीख चुकली आहे’ असं लिहील. ते खोडेल. मग ‘चुकून ११ लिहिलं गेलं’. तेही लांब होतं म्हणून ‘लिहिलं’ एवढंच ठेवेल. ‘मी लिहिलं’ असं ती लिहिणार नाही. दुकानाच्या नावाने जाणाऱ्या मेसेजात ‘मी’ बसतही नाही, ही तिची सबबही खरीच आहे. हे दोन ओळींत येऊ द्या आणि सोडून द्या, पुढे त्याचा उपयोग आहे.

दुरुस्तीच्या मेसेजबद्दल एक कामाची गोष्ट सांगतो, कारण इथे पुष्कळ लेखक चुकतात. पात्र लिहितं, ‘आधीच्या मेसेजकडे दुर्लक्ष करावे.’ खऱ्या दुकानात असा मेसेज गेला तर लोक ऑफरच रद्द झाली असं समजतात. अनुभवी माणूस बरोबर तारीख आधी लिहितो, चूक कुठे होती ते मग, आणि माफी शेवटी, कारण अर्धी माणसं फोन न उघडता वरची पहिली ओळच वाचतात. रेखाचा मेसेज मी तसाच रचलाय. ती कामात हुशार आहे हे त्यातून दिसतं, वेगळं सांगायची गरज राहत नाही.

शुक्रवार एका वाक्यात उरका. शनिवारही फार तर अर्ध्या पानात. दुरुस्ती पोहोचली, लोक शनिवारी आले, कपडे विकले गेले, रेखाने दिवसभर घड्या घातल्या, संध्याकाळी सुटल्यासारखी घरी गेली. इथे गर्दी, भांडण, रांगेत धक्काबुक्की असलं काही आणू नका. सगळं सुरळीत पार पडलं ही गोष्टच वाचकाला अस्वस्थ करते, कारण यादीतला तो एक नंबर त्याच्या डोक्यात असतो.

मग रविवार, ११ तारीख. हा प्रसंग सगळ्यात सावकाश लिहा.

दुरुस्तीचा मेसेज बहुतेकांपर्यंत पोहोचला तरी एक गोष्ट त्याच्या हातात नसते. लोक तारीख मेसेजातून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. कोणी कॅलेंडरवर गोल करतं, कोणी शेजारणीला सांगतं, कोणी चिठ्ठीवर लिहून घेतं. फोनमधली तारीख दुसऱ्या मेसेजने सुधारते, चिठ्ठीवरची सुधारत नाही. माझ्याच हातून एकदा असं झालं होतं. मी मेसेजात ‘उद्यापासून सूट’ असं लिहिलं. ज्यांचे फोन रात्री बंद होते त्यांना तो सकाळी मिळाला, म्हणजे त्यांचा ‘उद्या’ एक दिवस पुढे गेला. एक आजी तो शब्द ऐकून आपल्या दिवसाने आल्या. त्यांच्याशी मी काय बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं, आणि ते चांगलं नव्हतं. मी त्यांना मेसेजवरची वेळ दाखवत होतो. तेव्हापासून मी मेसेजात ‘उद्या’, ‘या रविवारी’ असं कधी लिहिलं नाही, वार आणि तारीख दोन्ही लिहायचो आणि पाठवायच्या आधी दोन्ही कॅलेंडरवर बोट ठेवून बघायचो.

तर रविवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन येतात. त्यांच्याकडे साधा फोन आहे. मेसेज सुनेने वाचून दाखवला होता आणि त्यांनी तारीख लिहून घेतली होती, पाकिटातल्या जुन्या बिलाच्या मागे. दुरुस्ती आलेली आहे, पण ती कोणी वाचून दाखवलेली नाही. त्यांचा प्रसंग मी कसा लिहीन ते थोडं दाखवतो. तुमचे शब्द तुम्ही घाला.

त्यांनी शर्ट काउंटरवर ठेवला, निळा, बाहीला पट्टी असलेला. नातवाने एक हात त्यावरच ठेवला होता.

‘वीस टक्के आहेत ना आज?’

काउंटरवरच्या सुधीरने ऑफरचा कोड दाबला. स्क्रीनवर लाल पट्टी आली. ‘काका, ऑफर काल होती.’

‘अकरा आहे आज.’ त्यांनी पाकीट उघडलं, बिलाचा कागद बाहेर काढला, उलटा केला आणि काउंटरवर हाताने सपाट केला. मागे पेन्सिलीने एकच आकडा होता. त्याच्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

या चिठ्ठीवर थांबा. दोनदा ओढलेली रेघ पुष्कळ सांगते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफरला सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालून ठेवलेली असते, तिच्या बाहेर कोड चालत नाही. काउंटरवरचा माणूस मनाने सूट देऊ शकत नाही. हाताने सूट द्यायची तर मॅनेजरचा किंवा मालकाचा पासवर्ड लागतो, आणि कारण लिहायचा एक रकाना भरावा लागतो. तो भरल्याशिवाय बिल निघत नाही. या रकान्याकडे आपण परत येऊ.

सुधीर मालकाला हाक मारतो. रेखा तेव्हा मागच्या रॅकपाशी आहे, तिला सगळं ऐकू येतंय. मालक येतो, चिठ्ठी बघतो, चिठ्ठीवर भरवसा काय ठेवायचा म्हणून स्वतःचा फोन काढतो. मेसेज शोधतो. ‘शनिवार, ता. ११.’ तो पुन्हा वाचतो. मग कॅलेंडरकडे बघतो आणि म्हणतो, ‘बरोबर बोलताहेत. आपणच अकरा लिहिलंय.’

इथे सुधीर सहज म्हणतो, ‘पण साहेब, दुरुस्तीचा मेसेज गेला होता ना गुरुवारी. माझ्या घरी आला.’

‘मला नाही आला.’

तीन शब्द. यानंतर कोणाला काही बोलू देऊ नका, निदान लगेच. मालकाच्या आवाजात राग घालू नका. तो फोन वरखाली सरकवत मेसेज शोधतोय, आपल्याच फोनमध्ये बिघाड असेल असं त्याला वाटतंय. हा त्याचा भाबडेपणा रेखाला ओरडण्यापेक्षा जड जातो. तिने गप्प बसलं तर मालक दोन मिनिटांत ते विसरेल, हे तिला आणि वाचकाला दोघांनाही ठाऊक आहे. पकडली जाण्याची भीती इथे जवळजवळ नाहीच. म्हणून ती जे बोलते त्याला वजन येतं.

‘साहेब, तुमचा नंबर मी काढला होता.’

एवढंच. कारण नको, रडणं नको, ‘मला भीती वाटली’ तर मुळीच नको. वाचकाने गुरुवारची रात्र पाहिली आहे, त्याला सगळं माहीत आहे. तुमच्या जुन्या खर्ड्यात रेखाच्या तोंडी पाऊण पानाची कबुली आहे. ती वाचताना मला लेखिका पात्राला वाचवायला धावतेय असं वाटलं. तुमचा तिच्यावर जीव आहे हे कळतं, पण तिला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. सहा शब्द पुरतात.

‘साहेब’ का, हेही सांगतो. तुम्ही संवादात मालकाला कधी ‘सर’, कधी ‘मालक’, कधी नावाने हाक मारली आहे. काउंटरवरची मुलं एकच हाक वापरतात आणि ती बदलत नाहीत. तो रेखाला ‘तू’ म्हणेल, ती त्याला ‘तुम्ही’. आणि म्हातारे गृहस्थ सगळ्यांसाठी ‘काका’. ही घडी बसली की संवाद निम्मे सुधारतात.

आता मालकाचं काय करायचं? तुमची मूळ अडचण हीच होती. मी त्याला समोरच्या माणसाचं काम आधी करू देईन. नातू उभा आहे, शर्टावर हात आहे. मालक पासवर्ड घालतो, वीस टक्के वजा करतो, कारणाचा रकाना उघडतो आणि कीबोर्ड रेखाकडे सरकवतो.

‘कारण लिही.’

तो तिला काढणार की ठेवणार, हे त्यालाही त्या क्षणी माहीत नसतं. खऱ्या आयुष्यात असे निर्णय काउंटरवर होत नाहीत, रात्री हिशोब करताना होतात किंवा होतच नाहीत. काही दिवस माणूस कमी बोलतो आणि मग दुसरं काहीतरी काम निघतं. तुमच्या कथेला त्या रात्रीपर्यंत जायची गरज नाही. वाचक नंतर तुम्हाला विचारेल, तिची नोकरी राहिली का? विचारू द्या.

रकान्यात रेखा काय लिहिते तिथे कथा थांबते. पहिल्यांदा बोटांना सवयीचं येईल: ‘तारीख चुकली’. ते ती लिहील आणि खोडेल. गुरुवारी रात्री तिने जे शब्द टाळले होते, त्यांना आता जागा आहे. इथे ७० चिन्हांची अट नाही, तुकडे वजा होत नाहीत. ‘तारीख मी चुकीची पाठवली.’ आणि शेवटी पूर्णविराम. वाचकाला तो पूर्णविराम दिसला पाहिजे, पण ‘तिने पूर्णविराम दिला’ असं वाक्य लिहायचा मोह आवरा. नुसता छापा. ज्याला गुरुवारची रात्र आठवते त्याला तो दिसेल. ज्याला दिसणार नाही, त्याच्यासाठीही कथा पुरी होते.

त्यानंतर एकच कृती मला चालेल, ती म्हणजे बिलाचा कागद बाहेर येतो आणि काका तो घडी घालून त्याच जुन्या बिलाशेजारी पाकिटात ठेवतात. हे हवंच असं नाही. लिहून बघा, जास्त वाटलं तर काढा.

दृष्टिकोनाबद्दल एक शब्द. तुम्ही मध्येच मालकाच्या मनात शिरला आहात, तो आपल्या जुन्या दिवसांची आठवण काढतो, त्यानेही एकदा अशीच चूक केली होती म्हणून तो विरघळतो. तो सगळा भाग काढा. या कथेत रेखाला मालकाच्या मनातलं कळत नाही, म्हणून तर ती घाबरते, म्हणून तर ती खूण काढते. वाचकाला ते कळलं तर त्याची भीती जाते आणि रेखाची भीती त्याला परकी वाटू लागते. शेवटच्या ओळीपर्यंत तिच्याच खांद्यामागून बघा.

लांबीचं म्हणाल तर गुरुवारची रात्र आणि रविवारची सकाळ मिळून कथेचा तीन चतुर्थांश भाग व्हावा. पहिलं पान तुम्ही दुकानाच्या वर्णनावर घालवलं आहे, सणाची सजावट, तोरणं, दिवे. त्यातलं कॅलेंडर आणि त्यावर टांगलेले हँगर तेवढे ठेवा, कारण त्या हँगरमुळेच बुधवारी मेसेज पाठवताना तिला तारीख दिसली नव्हती. बाकी सजावट गेली तरी कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

नवा खर्डा लिहिण्याआधी एक काम करा. स्वतःच्या फोनवर दुरुस्तीचा मेसेज टाइप करायला घ्या, अक्षर न् अक्षर, आणि चिन्हं मोजत जा. शेवटचा पूर्णविराम खोडायला बोट जाईल तेव्हा थोडं थांबा आणि त्या वेळी मनात जे येईल ते तसंच कागदावर उतरवा. रेखाची गुरुवारची रात्र तिथून लिहायला घ्या.